सरांचं धुकं: मॉनिटर आणि प्रूफ जुळवण्याचं एक प्रकरण

सरांनी टेबलावर छपाईआधीच्या नमुन्याचं पान, म्हणजे प्रूफ, पसरलं, मॉनिटरवर तोच फोटो उघडला आणि म्हणाले, "बघ. हे माझं धुकं, आणि हा छापखान्यातून आलेला चुलीतला धूर."

फोटो कास पठारावरचा होता. पहाटेचं धुकं, त्यातून अर्धवट दिसणारा तेरड्याचा गुलाबी पट्टा, मागे एकच झाड. मॉनिटरवर धुकं आतून उजळल्यासारखं दिसत होतं. कागदावर तेच धुकं मळकं, राखाडी, आणि तेरडा वाळल्यासारखा.

सर साताऱ्याला राहतात. शाळेत त्यांनी मला चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर सलग आठ पावसाळे ते पठारावर जाऊन फोटो काढत होते, आणि त्यातले चाळीस निवडून पुस्तक करायचं ठरलं होतं. मी पुण्यात प्रीप्रेसचं, म्हणजे फाइल छपाईसाठी तयार करण्याचं, काम करतो, म्हणून छापखाना मीच सुचवला होता. पहिलं प्रूफ सरांना काळं वाटलं तेव्हा त्यांनी छापखान्यात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "आमच्याकडे तर छान दिसतंय, आणि मोजून दिलंय." सरांनी मग सगळे फोटो अर्धा स्टॉप उजळ करून पुन्हा पाठवले. दुसरं प्रूफ आलं त्यात धुक्याचा वरचा भाग कोरा कागद झाला होता आणि खालचं गवत तरीही काळवंडलेलंच होतं. तिसऱ्या प्रूफचे पैसे घालण्याआधी मी मॉनिटरचा उजेड आणि रंग मोजणारा कॅलिब्रेटर पिशवीत टाकून साताऱ्याची गाडी धरली.

छापखाना खोटं बोलत नव्हता. प्रूफच्या कडेला रंगाची मोजपट्टी छापलेली होती, तिचं मोजमाप करून मर्यादेत असल्याचं लेबलही चिकटवलेलं होतं. तेव्हा प्रूफ बरोबर आहे असं धरूनच पुढे जायचं होतं. मॉनिटर प्रूफशी जुळवायचा असतो, प्रूफ मॉनिटरशी नाही. हे आधी पक्कं नसेल तर दोन्ही बाजू हलत राहतात आणि कुणीच कुणाला सापडत नाही.

कागद किती पांढरा, हे दिवा ठरवतो

सरांच्या खोलीत छतावर एक पांढरी एलईडी ट्यूब होती, आपल्या घरोघरी असते तीच, ६५०० केल्विनची. खिडकी डाव्या हाताला. मॉनिटर सत्तावीस इंची, चांगल्या आयपीएस पॅनेलचा, पण आणल्या दिवसापासून ब्राइटनेस १०० वर. खिडकीचा पडदा ओढला, मॉनिटर अर्धा तास तापू दिला आणि दोन मापं घेतली.

पहिलं माप मॉनिटरच्या पांढऱ्याचं. कॅलिब्रेटर मॉनिटरच्या पडद्याला लावला: ३१० निट, व्हाइट पॉइंट, म्हणजे त्या पांढऱ्याची झाक, जवळपास ६९०० केल्विन.

दुसरं माप सर जिथे प्रूफ धरून बघतात तिथल्या उजेडाचं. कॅलिब्रेटरवर पांढरी अर्धपारदर्शक टोपी सरकवली, तो कागदाच्या जागी ठेवून तोंड दिव्याकडे केलं. माझ्याकडे आर्गिल हे रंग मोजायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात हे एका आज्ञेत होतं:

```
spotread -a
```

उत्तर आलं १४० लक्स. आता लक्स आणि निट ही वेगवेगळी मापं आहेत. लक्स म्हणजे कागदावर किती उजेड पडतो, निट म्हणजे पृष्ठभागावरून डोळ्याकडे किती येतो. पण कागद उजेड सगळीकडे सारखा पसरवतो असं धरलं, आणि मॅट आर्ट पेपरच्या बाबतीत ते पुरेसं खरं आहे, तर एकातून दुसरं सहज निघतं. लक्सला कागदाच्या परावर्तनाने गुणायचं आणि ३.१४ ने भागायचं. ऑफसेटच्या आर्ट पेपरचं परावर्तन साधारण ०.८८ धरायचं.

१४० गुणिले ०.८८ भागिले ३.१४, म्हणजे ३९ निट.

मॉनिटरचा पांढरा ३१०, कागदाचा ३९. जवळजवळ आठपट फरक. सर फोटोग्राफर, त्यांना स्टॉपमध्ये सांगितलं की लगेच कळतं: तीन स्टॉप, म्हणजे तीनदा दुप्पट.

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आकडा पटलेला नाही. म्हणून त्यांचाच कॅमेरा घेतला. स्पॉट मीटरिंग, आयएसओ २००, एफ ८. आधी प्रूफच्या पांढऱ्या भागावर रोखला, मीटर म्हणाला १/१०. मग तोच कॅमेरा मॉनिटरवरच्या कोऱ्या पांढऱ्या खिडकीवर रोखला: १/८०. दहाचे वीस, विसाचे चाळीस, चाळिसाचे ऐंशी. सरांनी बोटांवर मोजलं आणि खुर्चीत मागे टेकले. ज्यांच्याकडे कॅलिब्रेटर नाही त्यांनी ही युक्ती जरूर करावी. आयएसओ आणि अ‍ॅपर्चर कायम ठेवून दोन्ही पांढऱ्यांना एकच शटर आला, की उजेड जुळला. मात्र कॅमेरा फक्त उजेडासाठी वापरावा. रंगासाठी त्याच्यावर विसंबू नये, कारण सेन्सरला दिसणारे रंग आणि डोळ्याला दिसणारे रंग एक नसतात, आणि मॉनिटरचा प्रकाश व कागदावरचा प्रकाश या दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टींची तुलना करताना तो हमखास फसवतो.

छापखान्याच्या "छान दिसतंय"चा उलगडाही याच गुणाकारात आहे. तिथे प्रूफ आणि छापील ताव तपासायला वेगळं टेबल असतं. आयएसओ ३६६४ या मानकाप्रमाणे तिथे डी५० जातीचा, म्हणजे ५००० केल्विनच्या दिवसाउजेडासारखा उजेड आणि २००० लक्स. म्हणजे कागदाचा पांढरा ५६० निट. सरांच्या खोलीतल्या कागदापेक्षा चौदापट उजळ. गवतातल्या अंधाऱ्या जागा तिथे उघडलेल्या दिसणारच. तेच मानक एकेका प्रिंटकडे साध्या उजेडात बघण्यासाठी दुसरी पातळी सांगतं, ५०० लक्सची. तिथे कागद १४० निटचा होतो. मॉनिटर आणि छापील फोटो घरी जुळवायचे तर ही दुसरी पातळी गाठण्याचा प्रयत्न करावा. पहिली नाही.

मॉनिटर खाली, दिवा वर

सरांचा पहिला प्रश्न सरळ होता. "मग मॉनिटर ३९ वर आण ना, झालं!"

आणता येत नाही असं नाही, पण त्यात दोन अडचणी आहेत. पुष्कळ मॉनिटर इतके खाली उतरतच नाहीत, आणि उतरले तरी त्या अंधारात डोळ्याला रंगातले बारीक फरक कळेनासे होतात. शिवाय खोलीतला उजेड मॉनिटरच्या काळ्यावर पडतोच. पडद्याचा स्वतःचा उजेड कमी झाला की तो पडलेला उजेड जास्त जाणवतो आणि काळा रंग राखाडी होतो. उलट कागद ३१० निटवर न्यायचा तर त्यावर अकराशे लक्स पाडावे लागतील. तेही जमेल, पण पुस्तक विकत घेणारा माणूस तसल्या झोतात पुस्तक उघडणार नाही, आणि त्या उजेडावर भरवसा ठेवून केलेले फोटो त्याच्या घरी पुन्हा काळेच दिसतील. म्हणून मधली वाट: कागदावरचा उजेड वाढवायचा, मॉनिटर कमी करायचा, दोघं १२०च्या आसपास भेटतील असं बघायचं.

दिवा मी पुण्याहून नेला होता. ५००० केल्विनचा एलईडी बल्ब, रंगदर्शकता, म्हणजे रंग खरे दाखवण्याची क्षमता, ९५ च्या वर असलेला. आपल्याकडे दुकानात मिळतात ते बहुतेक ६५०० चे पांढरे नाहीतर ३००० चे पिवळे, म्हणून हा मुद्दाम मागवावा लागतो. छतावरची ट्यूब का चालली नसती? व्हाइट पॉइंट तिच्याशीही जुळवता आला असता, ६५०० वर. पण तिची रंगदर्शकता ८० च्या घरातली, आणि अशा ट्यूबमध्ये गडद लाल प्रकाश फार थोडा असतो. तेरड्याचा गुलाबी वाळल्यासारखा दिसत होता त्याचं निम्मं कारण तेच होतं. कागदावर मजेंटा शाई होती, तिला उजळायला दिव्यात लाल नव्हता. शिवाय प्रूफचं सगळं गणित डी५० उजेडात बघण्यासाठी केलेलं असतं. प्रूफची शाई आणि ऑफसेट मशीनची शाई वेगळी असते. दोघींचे रंग त्या एका उजेडात जुळवलेले असतात, दुसऱ्या उजेडात ते फाटू शकतात.

दिवा टेबल लॅम्पमध्ये बसवला आणि इथे बराच वेळ गेला. जवळ ठेवला तर प्रूफच्या वरच्या कडेला ६१० लक्स आणि खालच्या कडेला ३२०. एकाच पानात जवळपास स्टॉपभर फरक म्हणजे जुळवाजुळव व्यर्थ. दिवा उंच नेला, थोडा तिरका केला, शेवटी सरांच्या जुन्या ईझलच्या दांड्याला बांधला. प्रूफ त्याच ईझलवर, मॉनिटरशेजारी उभं. मध्यावर ४३० लक्स, कोपऱ्यांत ३९० च्या खाली नाही. उजेड वरून तिरका येत असल्यामुळे कागदावर चकाकी डोळ्यात येत नव्हती. दिव्याचा उजेड मॉनिटरवर पडू नये म्हणून मध्ये काळ्या कार्डबोर्डची पट्टी टांगली. छतावरची ट्यूब बंद.

४३० गुणिले ०.८८ भागिले ३.१४: १२० निट. मॉनिटरचं लक्ष्य ठरलं.

मॉनिटरच्या मेनूत आधी सगळे शहाणे बंद केले: आपोआप ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, निळा प्रकाश कमी करणारा मोड, आणि विंडोजमधलं `Night light`. यातलं एकही चालू राहिलं तर दुपारी केलेलं कॅलिब्रेशन संध्याकाळी निरर्थक ठरतं, आणि वाटतं की यंत्रच चुकलं. कॉन्ट्रास्टला हात लावला नाही. ब्राइटनेस १०० वरून २८ वर आल्यावर १२० निट दिसले. सर म्हणाले, "अरे, हा तर मेल्यासारखा दिसतोय." दहा मिनिटं चहाला खालच्या खोलीत गेलो. परत आल्यावर त्यांनी तसं काही म्हटलं नाही. डोळा ज्या पांढऱ्याला सरावतो त्यालाच पांढरं मानतो, म्हणून बदल करून लगेच निकाल द्यायचा नाही.

५००० केल्विन पिवळं का दिसलं

व्हाइट पॉइंटसाठी मी आधी पुस्तकातला मार्ग धरला. दिवा ५००० चा, मानकही डी५०, तर मॉनिटरही डी५० वर, म्हणजे रंगाची जागा सांगणाऱ्या आकड्यांत एक्स ०.३४६, वाय ०.३५९. मॉनिटरच्या मेनूत लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे गेन असतात. लाल १०० वर ठेवून निळा बराच आणि हिरवा थोडा खाली आणला की तिथे पोचता येतं. हे मॉनिटरच्या मेनूतूनच करावं. ग्राफिक्स कार्डवर सोपवलं तर तेही होतं, पण मग निळ्याच्या पायऱ्या कमी पडतात आणि धुक्यासारख्या मऊ फिकट चढउतारात पट्टे दिसू लागतात. इथे तर फोटोच धुक्याचे होते.

कॅलिब्रेटर म्हणाला जुळलं. सर म्हणाले, "पडदा पिवळा आहे. हिरवट पिवळा." आणि खरंच होता. शेजारी ईझलवरचा कागद पांढरा, मॉनिटर लिंबाचं पाणी पडल्यासारखा.

यात यंत्राचा दोष नाही आणि डोळ्याचाही नाही. एक्स-वाय हे आकडे १९३१ साली ठरवलेल्या प्रमाणित निरीक्षकाच्या डोळ्यावरून येतात. तो डोळा दृष्टीच्या फक्त दोन अंशांच्या लहान वर्तुळासाठी मोजलेला आहे, आणि निळ्या टोकाला त्यात उणीव आहे हे रंगशास्त्रात मान्य आहे. दोन पांढऱ्यांचे प्रकाश एकाच जातीचे असतील तर ही उणीव दोन्हीकडे सारखीच असते आणि दिसत नाही. पण मॉनिटरचा पांढरा तीन टोकदार रंगांच्या बेरजेतून येतो आणि दिव्याखालच्या कागदाचा पांढरा सलग पसरलेल्या प्रकाशातून. आकडे सारखे आले तरी डोळ्याला ते दोन पांढरे वेगळे दिसू शकतात, आणि माणसागणिक थोडे वेगवेगळे. त्यामुळे शेवटचा टप्पा डोळ्यानेच करावा लागतो. यंत्र जवळ आणून सोडतं. पुढचं पाऊल माणसाचं.

तो टप्पा असा केला. मॉनिटरवर फक्त एक कोरी पांढरी खिडकी, प्रूफच्या पानाएवढीच, बाकी पडदा मध्यम राखाडी. ईझलवर प्रूफ. खोलीत दुसरं काही उजळ नाही, सरांचा पांढरा सदरासुद्धा मॉनिटरमध्ये दिसत होता म्हणून त्यांनी वर शाल घेतली. मी निळा गेन एक-एक अंकाने वाढवायचा, हिरवा कमी करायचा, आणि सरांनी दोन पांढऱ्यांवरून नजर फिरवत सांगायचं. आयुष्यभर रंग मिसळलेल्या माणसाची नजर होती ती. "अजून हिरवा आहे... आता गुलाबीकडे गेला, एक मागे घे... थांब." थांब म्हटलं तिथे मोजलं: एक्स ०.३३१, वाय ०.३४१. साधारण ५५५० केल्विन. निळा-हिरवा हलवताना उजेडही हलतो, म्हणून ब्राइटनेस पुन्हा १२० वर आणला.

मग धुक्याचा फोटो उघडला. उजेड जुळला होता, पण मॉनिटरवरचं धुकं कागदावरच्यापेक्षा निळसर.

हा घोटाळा शोधायला मला अर्धा तास लागला, आणि चूक माझीच होती. प्रूफ ज्या कागदावर छापतात तो पुस्तकाचा कागद नसतो. तो प्रूफचा खास कागद, जास्त पांढरा. पुस्तकाच्या कागदाचा रंग दाखवण्यासाठी प्रूफ मशीन पानाच्या चौकटीत अगदी फिकट शाई मारतं. कापण्याच्या खुणांच्या आतला "कोरा" भाग म्हणूनच खरा कोरा नसतो, त्यात किंचित करडी-पिवळसर झाक असते. बाहेरची कड मात्र नुसता कागद. भिंगातून बघितलं की आतल्या भागात शाईचे विरळ ठिपके दिसतात, कडेला दिसत नाहीत. आम्ही जुळवताना नजर ठेवली होती ती बाहेरच्या रुंद कडेवर, कारण तीच मोठी आणि सोयीची होती.

कड काळ्या कार्डबोर्डने झाकली, आतला कोरा भाग तेवढा उघडा ठेवला आणि सगळं पुन्हा केलं. या खेपेला थांब आलं ते एक्स ०.३३७, वाय ०.३४७ वर, म्हणजे ५३०० केल्विनच्या आसपास. उजेड पुन्हा १२०. हाच आकडा डिस्प्लेकॅल या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये `Whitepoint` समोर `Chromaticity` निवडून भरला, मधल्या छटांचा उजेड ठरवणारा गॅमा २.२ दिला, आणि पूर्ण कॅलिब्रेशन व प्रोफाइल करून घेतलं. इथे एक सांगायला हवं. ०.३३७ आणि ०.३४७ हे आकडे कुणी उचलून आपल्या मॉनिटरला लावू नयेत. ते त्या मॉनिटरचे, त्या दिव्याखालचे आणि सरांच्या डोळ्यांचे आहेत. उचलण्यासारखी आहे ती पद्धत.

मग फोटोच काळे होते

फोटो नुसता उघडून चालत नाही, प्रूफच्या प्रोफाइलमधून, म्हणजे त्या शाई-कागदावर रंग कसे उतरतील हे सांगणाऱ्या फाइलमधून बघावा लागतो. छापखान्याने `Coated FOGRA39` सांगितलं होतं. फोटोशॉपमध्ये `Proof Setup` मध्ये ते निवडलं. खाली दोन चौकटी येतात: `Simulate Paper Color` आणि `Simulate Black Ink`. पहिलीत खूण केली की मॉनिटरचा पांढरा कागदाइतका मंद केला जातो. पण आम्ही तर मॉनिटरचा पांढराच कागदाच्या झाकेशी जुळवला होता. वर ही खूण केली असती तर कागदाचा मळकेपणा दोनदा लागला असता. म्हणून पहिली रिकामी, दुसरीत खूण. दुसरी हवीच, कारण मॉनिटरचा काळा पांढऱ्याच्या हजारपट खाली जातो आणि मॅट आर्ट पेपरवरच्या शाईचा काळा शंभरपटही जात नाही. ज्यांनी मॉनिटर डी५० सारख्या ठरलेल्या आकड्यावर ठेवला आहे, कागदाशी नजरेने जुळवलेला नाही, त्यांनी मात्र दोन्ही खुणा कराव्यात.

शिवाय सर फोटो काळ्या पार्श्वभूमीवर पूर्ण पडदाभर बघायचे. काळ्यावर कुठलाही फोटो उजळ वाटतो. पुस्तकात त्याच्याभोवती पांढरा समास असतो आणि त्या पांढऱ्यासमोर तोच फोटो मंद वाटतो. म्हणून मॉनिटरवरही भोवती पांढरी चौकट ठेवली.

आता दोन्ही शेजारी होते. मॉनिटरवरचं धुकं आणि ईझलवरचं धुकं, दोन्ही मळके. अगदी एकसारखे मळके.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे फोटोच काळे आहेत."

होते. ३१० निटच्या पडद्यावर बसून त्यांनी आठ वर्षं फोटो हाताळले होते. पडदा झळाळत असल्यामुळे प्रत्येक फोटो त्यांना जास्त उजळ वाटायचा आणि ते तो थोडा खाली ओढायचे. फाइलमध्ये तो ओढलेला अंधार साठत गेला. अर्धा स्टॉप सरसकट वाढवल्याने काम झालं नाही याचंही कारण आता समोर दिसत होतं. धुक्याचा सर्वात उजळ भाग आधीच कागदाच्या पांढऱ्याजवळ होता, त्याला वर जागाच नव्हती. उणीव मधल्या छटांत होती.

त्या संध्याकाळी आम्ही एकच फोटो पुरा केला. कर्व्हचं वरचं टोक जागच्या जागी धरून ठेवलं, मधला भाग उचलला, साधारण पाऊण स्टॉप. गवताच्या गडद भागाला त्याहून थोडं कमी. धुक्याचा उजळ भाग हलला नाही, पण त्याच्या खालच्या छटा वर आल्याबरोबर धुक्यात पुन्हा हवा शिरली. उरलेले एकोणचाळीस सरांनी पुढच्या तीन आठवड्यांत केले. रोज बसण्याआधी ते कॅमेऱ्याने दोन्ही पांढऱ्यांचा शटर तपासायचे. १/३०, १/३०. एकदा फोन आला की कागद १/४० दाखवतोय. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून चार वाजताचं ऊन ईझलवर येत होतं.

तिसरं प्रूफ सगळ्या पानांचं न मागवता तीनच पानांचं मागवलं: धुकं, तेरडा आणि सीतेची आसवं. पहिली दोन पानं ईझलवर ठेवली तेव्हा मॉनिटरशी जुळली. गवताच्या अगदी गडद कोपऱ्यात कागद किंचित बंद वाटत होता. दिव्याचा थोडा उजेड पडद्यावर पोचत असेल तर मॉनिटरचा काळा उचलला जातो आणि असंच दिसतं. कार्डबोर्डची पट्टी वीतभर पुढे सरकवल्यावर तो फरकही गेला. कुठे काय बिघडलंय हे फरकाच्या जागेवरूनच ओळखता येतं. सगळं पानच उजळ किंवा मंद असेल तर उजेड, पांढऱ्यातच झाक असेल तर व्हाइट पॉइंट, पांढरा आणि काळा जुळून मधल्या छटा हुकत असतील तर गॅमा किंवा प्रोफाइल.

तिसरं पान जुळलं नाही. आसवांचा तो निळा-जांभळा कागदावर मेलेला जांभळा झाला होता. पण या खेपेला धक्का बसला नाही, कारण प्रूफ प्रोफाइलमधून बघताना मॉनिटरनेही तोच मेलेला जांभळा आधी दाखवला होता. सायन आणि मजेंटा शाईच्या मिश्रणातून तो रंग निघतच नाही. पठारावर आहे, कॅमेऱ्यात आहे, चार शायांच्या कागदावर नाही. पाचवी जांभळी शाई लावता येते, पण मग ते पान महाग पडतं आणि प्रूफही वेगळं करावं लागतं. हे सगळं सरांना सांगितलं.

ते पानाकडे बघत राहिले. मग पुस्तकाचा डमी ओढून घेतला, चार पानं मागेपुढे केली आणि म्हणाले, "समोरच्या पानावर सोनकी घे. मोठी, पानभर पिवळी. पिवळ्याशेजारी जांभळा उठतो, हे तुला सातवीत शिकवलंय."

सोनकीचं पान अठ्ठाविसावरून हलवून बाराव्या पानावर आणलं, आणि फाइल छापायला गेली.